समझोत्याला किंमत नाही म्हणे!

“उद्योजक मित्रांनो सावधान! मध्यस्थी म्हणजे टाइमपास. समझोत्यावर सह्या झाल्या तरी कायद्यात त्याची किंमत शून्य, पार्टी फिरली की परत कोर्टातच. एक्स्पर्टचा रिपोर्ट म्हणजे नुसतं मत, कोणी मानत नाही. तिथे बोललेलं सगळं तुमच्यावरच उलटतं आणि तोवर दाव्याची मुदत संपते. त्यापेक्षा सरळ दावा ठोका.”

हा मेसेज नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींच्या ग्रुपांवरून फिरत फिरत माझ्या मावसभावापर्यंत पोचला. त्याचे सिन्नरच्या एका कंपनीकडे पैसे अडकलेत. मेसेज वाचून त्याने मला रात्री फोन केला, “दादा, मध्यस्थीबिध्यस्थी काही नको, तू उद्याच दावा टाक.” मी नाशिकला व्यापारी दाव्यांची वकिली करतो. असे फोन आता इतके येतात की एकदाच लिहून टाकलेलं बरं.

मेसेजच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर सरळ दावा ठोकताच येत नाही. व्यापारी न्यायालय कायद्यातलं कलम १२-अ सांगतं की आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करा. ही नुसती सूचना नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२२ ला पाटील ऑटोमेशनच्या निकालात ही पायरी बंधनकारक ठरवली आणि ती टाळून २० ऑगस्ट २०२२ नंतर दाखल झालेला दावा फेटाळला जाईल असं स्पष्ट केलं. म्हणजे या मेसेजचं ऐकून कोणी कोर्ट फी भरली, तर समोरच्याचा वकील पहिल्याच तारखेला दावा फेटाळण्याचा अर्ज देणार. तातडी असल्याचं नाटक करून कलम चुकवायचा मार्गही २०२३ च्या यामिनी मनोहर निकालाने अरुंद केला आहे. तातडी खरी आहे की पळवाट, हे न्यायालय दाव्यातला मजकूर वाचून ठरवतं.

आता “किंमत शून्य”. कलम १२-अ खाली झालेल्या समझोत्याला कायद्याने लवादाच्या निवाड्याचा दर्जा दिला आहे. लवाद कायद्याच्या कलम ३०(४) मधला, पक्षकारांच्या संमतीने होतो तो निवाडा. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पार्टी फिरली तर नव्याने दावा लावायचा नाही, साक्षीपुरावे नाहीत, डिलिव्हरी चलन सिद्ध करणं नाही. निवाड्याला आव्हान द्यायची मुदत, तीन महिने आणि कारण पटलं तर वर तीस दिवस, गेली की थेट दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज. त्याआधी आव्हान दिलंच, तरी २०१५ च्या दुरुस्तीपासून नुसत्या अर्जाने वसुली थांबत नाही, वेगळी स्थगिती मिळवावी लागते. दरखास्तीत समोरच्याच्या बँक खात्यावर, यंत्रांवर जप्ती मागता येते. त्याची मालमत्ता पुण्यात असेल तर दरखास्त पुण्यातच दाखल करता येते, हे २०१८ च्या सुंदरम फायनान्स निकालाने मोकळं केलं.

मात्र हा दर्जा प्रत्येक कागदाला मिळत नाही, आणि इथे मेसेज लिहिणाऱ्याला अर्धा गुण द्यावाच लागतो. दोघांनी हॉटेलात बसून पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरी केलेला समझोता म्हणजे साधा करार. समोरचा फिरला तर त्या करारावर दावा लावावाच लागतो. निवाड्याचा दर्जा हवा असेल तर समझोता लेखी हवा आणि त्यावर दोन्ही पक्षांबरोबर मध्यस्थाचीही सही हवी. २००३ च्या म्हैसूर सिमेंट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर लवाद कायद्याखालच्या समेटाबद्दल असाच प्रश्न होता. कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने तयार आणि प्रमाणित न झालेल्या कागदावर हुकूमनाम्यासारखी वसुली करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. खासगी मध्यस्थाकडे जाणार असाल तर आणखी जपा. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याचं कलम २७ खासगी समझोत्यालाही हुकूमनाम्याचं बळ देतं, पण ९ ऑक्टोबर २०२३ ला लागू झालेल्या पहिल्या तुकडीत ते कलम नव्हतं. सही करायच्या दिवशी ते अमलात आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत गेलात तर हा प्रश्न उद्भवत नाही.

एक प्रकरण सांगतो, वस्तू आणि आकडे बदलून. अंबडच्या एका वर्कशॉपने ८,४०० बुश दिले, दर १४० रुपये, जीएसटी वेगळा. बिल ११,७६,००० चं. आतल्या भोकाचं, म्हणजे बोअरचं माप २५ एच ७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर, वर आठ मायक्रॉन झिंक प्लेटिंग. खरेदीदाराने तिसऱ्या लॉटमधले थोडे नग तपासले, माप तपासायचा गो गेज आत जाईना, म्हणून तिन्ही लॉटचं पेमेंट थांबवलं. वर्कशॉपवाला म्हणे, माझ्याकडे तपासणीत माप बरोबर होतं. दोघेही खरं बोलत होते. त्याने प्लेटिंगच्या आधी मोजलं होतं. बोअर २५.०१२ ला सोडला आणि आतून दोन्ही बाजूंना आठ-आठ मायक्रॉन चढले, तर माप २४.९९६ वर येतं. ड्रॉइंगवर माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं, याची टीप नव्हती.

अशा वादात एक्स्पर्ट कामाला येतो, पण त्याला प्रश्न नीट विचारला तरच. पहिल्या मसुद्यात प्रश्न होता, “माल सदोष आहे का?” हा एक्स्पर्टचा प्रश्नच नव्हे. ड्रॉइंग कसं वाचायचं हा कराराचा भाग, आणि तो मध्यस्थासमोर आधी मिटवला. माप प्लेटिंगनंतरचं धरायचं हे वर्कशॉपने मान्य केलं. त्या बदल्यात खरेदीदाराने मान्य केलं की लॉटवार मोजणी होईल आणि एका लॉटच्या चुकीसाठी बाकीच्यांचे पैसे अडणार नाहीत. मग एक्स्पर्टला एवढंच विचारलं: कॅलिब्रेट केलेल्या गो गेजने कोणत्या लॉटमधले किती नग नापास होतात? दोन्हीकडचा एकेक माणूस समोर उभा राहिला आणि सगळे नग तपासले. नापास १,९००, सगळे तिसऱ्या लॉटचे.

“एक्स्पर्टचं कोणी मानत नाही” हे अर्धवट खरं आहे. एक्स्पर्ट म्हणजे लवाद नव्हे, त्याचा निर्णय हा निवाडा नव्हे, आणि त्यावर थेट दरखास्त होत नाही. के. के. मोदी विरुद्ध के. एन. मोदी या १९९८ च्या निकालात हाच फरक आला होता. त्या कुटुंबाच्या करारात वाद आयएफसीआय या वित्तसंस्थेच्या अध्यक्षांकडे नेऊन त्यांचा निर्णय अंतिम मानायचं ठरलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो लवाद नसून तज्ज्ञाचा निर्णय आहे असं ठरवलं. पण अशा निर्णयाने बांधून घेतो असं दोघांनी आधी लिहून दिलं असेल, तर तो करार म्हणून बांधतोच. लबाडी झाली, पक्षपात झाला किंवा विचारलेला प्रश्न सोडून भलत्याचंच उत्तर दिलं, असं काही दाखवल्याशिवाय तो सहज उडवता येत नाही. शिवाय आपण त्यावर थांबतच नाही. एक्स्पर्टचा आकडा मध्यस्थीच्या समझोत्यात उतरवला की त्यालाही निवाड्याचं बळ मिळतं.

त्या प्रकरणात १,९०० गुणिले १४०, म्हणजे २,६६,००० वजा झाले आणि ९,१०,००० उरले. आकडा उतरवताना पुन्हा घोळ झालाच असता. मसुद्यात लिहिलं होतं, “एक्स्पर्टच्या अहवालानुसार निघणारी रक्कम खरेदीदार देईल.” दरखास्त चालवणारं न्यायालय अहवाल उघडून हिशेब करत बसत नाही. कागदावर जे लिहिलं आहे तेच ते वसूल करतं. दुसरं म्हणजे ९,१०,००० हे जीएसटीसकट की जीएसटी सोडून? १८ टक्क्यांनी १,६३,८०० चा फरक पडतो, आणि एवढ्या रकमेवर माणसं हमखास पुन्हा भांडतात. शेवटी लिहिलं ते असं: एकूण १०,७३,८००, त्यातले ४,७३,८०० सहीच्या दिवशी, उरलेले सहा लाख तीन-तीन लाखांच्या दोन हप्त्यांत, तारखा आणि खाते क्रमांकासकट. एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम त्याच दिवशी देय, वर १८ टक्के व्याज. नापास नग कोण, कधी उचलणार आणि क्रेडिट नोट कधी निघणार, हेही त्यातच. समझोता वाचून परक्या बेलिफाला किती, कधी आणि कोणाकडून हे कळत नसेल, तर सही करू नका. आणि कंपनीतर्फे पर्चेस मॅनेजर सही करत असेल तर त्याच्या अधिकाराचं पत्र किंवा बोर्डाचा ठराव जोडून घ्या. नाहीतर उद्या “त्याला अधिकारच नव्हता” हा बचाव तयारच असतो.

वसुलीला वेळ लागत नाही असं मी म्हणणार नाही. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, तरी बेलिफाच्या मागे फिरावं लागतंच. समोरच्याच्या खात्यात खडखडाट असेल तर निवाडा काय आणि हुकूमनामा काय, दोन्ही कागदच. म्हणून पहिला हप्ता सहीच्या दिवशीच घ्यायचा.

बाकीचं पटकन. “बोललेलं उलटतं”: नाही. २०१८ च्या नियमांनी मध्यस्थीतली बोलणी गोपनीय ठेवली आहेत. खर्च: अर्जाला १,००० रुपये. मध्यस्थाची फी दहा ते पन्नास लाखांच्या वादाला ३०,००० आणि ती दोघांत निम्मी. समोरचा आलाच नाही तर? त्याला नोटीस जाते, दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर शेवटची नोटीस, तरीही नाही तर प्राधिकरण तसा अहवाल देतं आणि तुमचा दाव्याचा रस्ता मोकळा होतो.

मुदतीचं तर सरळ उलटं आहे. मध्यस्थीला तीन महिने मिळतात, दोघांची संमती असेल तर आणखी दोन, आणि हा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. मावसभावाच्या बिलाला तीन वर्षं पुरी व्हायला दोन महिने उरलेत. आज अर्ज केला आणि मध्यस्थी तीन महिने चालून फिसकटली, तरी त्याचे दोन महिने शिल्लकच राहतात. त्याला मी एवढंच सांगितलं आहे की सोमवारी सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाच्या कार्यालयात ये, आणि अर्जाची पोच आणि नंतर मिळणारा अहवाल फाइलला लाव, कारण मुदतीची वजाबाकी त्या दोन तारखांवरूनच होते.