फुटका मोदक आधी

गणपतीच्या आधी सोसायटीच्या महिला मंडळाने ठरवलं की उकडीच्या मोदकांत होणाऱ्या चुकांवर एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण बैठकीला मी उशिरा पोचले.

चुकांचा साठा घरातच होता. सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली ती तांदळापासून. आंबेमोहोर घ्यावा, धुऊन सावलीत वाळवावा, पिठी बारीक चाळणीने चाळावी. पाण्याला आधण येईपर्यंत माझं पान भरलं होतं. प्रत्येक चुकीला एकेक सून, जाऊ किंवा शेजारीण जोडलेली होती. दोन चुका माझ्या नावावर होत्या, त्या मी लिहून घेतल्या नाहीत.

पुतणीने कागद वाचला आणि घड्याळ लावून मला मोठ्याने म्हणायला लावलं. मिनिटात माझे सव्वाशे शब्द होतात आणि मी अजून पिठी चाळत होते.

"काकू, तीनच चुका घे. आणि पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. तांदळासाठी कोण थांबतं?"

"मग कशासाठी थांबतं?"

"दुसऱ्याचा मोदक फुटला की."

पोरगी हुशार आहे. 'सारण ओलं ठेवू नका' म्हटलं तर कुणालाही ते आपल्याबद्दल आहे असं वाटत नाही, कारण आपलं सारण ओलं आहे हे ओल्या सारणवालीला ठाऊकच नसतं. तिला एवढंच ठाऊक असतं की मोदकपात्राचं झाकण काढलं आणि गूळ खाली वाहून गेलेला होता. म्हणून कारण नंतर सांगायचं, आधी फजिती दाखवायची.

पुढे मात्र आमचं जमेना. फुटका मोदक सुरुवातीला दाखवून कारण थेट शेवटी सांगायचं, म्हणजे लोक टिकून राहतात, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं नाही. जिचे हात पिठात आहेत तिला ताटकळत ठेवणं हा चावटपणा आहे. मी तिथल्या तिथे उपाय लिहिला: दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, आणि चिमूटभर सारणाची गोळी वळून ती ताटलीत पाणी न सोडता बसली की गॅस बंद. त्यापुढे परतलं तर गार झाल्यावर सारण दातांना झुंजवतं.

शिवाय सारणाची चूक पहिली घेण्याला आणखी एक कारण होतं. मोदक फुटल्यावर ती दुरुस्त होत नाही. उकडीची चूक मात्र दुरुस्त होते. पारीच्या कडांना चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून उकड गरम असतानाच पुन्हा मळायची, गोळी तळहातांत दाबून पाहायची, कड फाटली नाही की झालं. ही चूक मी शेवटी ठेवली, कारण चिरलेली कड डोळ्यांदेखत गुळगुळीत होते आणि व्हिडिओ चांगल्या मोदकावर संपतो. मधे 'उकड ओल्या फडक्याखाली झाका' हे टाकलं. ते महत्त्वाचं आहे, पण दिसायला फडकंच. अशा गोष्टी मधेच बसवाव्यात.

सासूबाईंनी यादी ऐकली. "सारण आधी, मग उकड. मी मघापासून तेच म्हणत नव्हते का?"

कच्चं चित्रण सासऱ्यांना आवाज बंद करून दाखवलं, कारण बरेच लोक तसंच बघतात. ते फुटक्या मोदकाकडे पाहून म्हणाले, "वा, गूळ बाहेर काढायची ही पद्धत नवीन दिसते." तेव्हा चुकीच्या दृश्यावर मोठी लाल फुली आली, आणि जितका वेळ चूक दिसते त्याच्या दुप्पट वेळ बरोबर कृती दिसेल असं मी नव्याने लिहून काढलं. अक्षरंही वर सरकवली, कारण खाली मोबाइलचंच काहीबाही उमटतं आणि 'झाका' हा शब्द झाकला जात होता.

आता खऱ्या चित्रीकरणासाठी फुटका मोदक हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या हातून तसला होणार नाही." त्यांना मुद्दाम पातळ सारण दिलं. पाणी आधी उकळतं ठेवून, हळदीच्या पानावर, बारा मिनिटं वाफवून काढला, तर कळीदार, अखंड. पारीच अशी जमलेली की गुळाला वाट मिळेना. मग माझा घेतला. तोही टिकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा राग आला.

शेवटी हे चहा मागायला स्वयंपाकघरात आले, त्यांच्या हातात पारी दिली. पात्रात ठेवायच्या आधीच तो मोदक दोन ठिकाणी उघडला होता. पुतणीने एका फटक्यात दृश्य घेतलं. ह्यांनी एकच अट घातली, हात मनगटापर्यंतच दिसले पाहिजेत. आता सोसायटीतल्या बायका विचारतात, ते केसाळ मनगट कुणाचं, आणि सासूबाई न चुकता सांगतात.