आकडा कशाचा आणि आवड कुणाची?

पिक्चर निवडताना आपल्या आवडीशी जुळणारा एक समीक्षक धरून चाला, असं मी लिहिलं होतं. त्यावर परभणीहून एका वाचकाची प्रतिक्रिया: "एकच समीक्षक धरून चालायचं म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पिक्चर बघायचा. आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला आमची आवड काय कळणार? त्यापेक्षा टक्के बघून तिकीट काढलेलं बरं."

भाऊ, आधी टक्क्यांचं बघू. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवरचा आकडा पिक्चर किती चांगला ते सांगत नाही, किती समीक्षकांचं मत अनुकूल ते सांगतो. दहाच्या दहा जणांना 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' वाटलं तरी 100 टक्के. सहा जण वेडे झाले आणि चार जण वैतागून उठले तर 60. तुम्ही त्या सहांतले की चारांतले, हे आकड्याला कसं कळणार?

ते समीक्षकावरून कळतं, पण त्याला आधी तपासून घ्यावं लागतं. 'सैराट'वर तपासू नका. तो बहुतेकांना आवडला, त्यात तुमची त्याची जुळणी दिसत नाही. ज्यावरून घरात वाद झाला, असा पिक्चर घ्या. 2015 साली थिएटरात आलेला 'कोर्ट' घ्या. शेवटाकडे कोर्टाचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवतात, तरी कॅमेरा हलत नाही. तुम्हाला तिथं काय वाटलं ते आधी एका ओळीत लिहून ठेवा. परीक्षण नंतर वाचलं की आपलं मत नकळत त्याच्याकडे सरकतं, म्हणून आधी लिहायचं. मग त्या समीक्षकाचं जुनं परीक्षण काढा. स्टार झाका, कारण वाचा. एक म्हणेल, 'दृश्य संपल्यावरही उगाच रेंगाळतो'. दुसरा म्हणेल, 'रेंगाळतो म्हणूनच अंगावर येतो'. दोघांनी बघितलं तेच, निकाल उलटा. असे चार-पाच वादाचे पिक्चर घेतले की माणूस कळतो. नेहमी उलटाच निघणारासुद्धा सोडू नका. 'फार संथ' असं त्यानं लिहिलं की तुम्ही तिकीट काढायचं! नुसते स्टार देऊन कारण न सांगणारा मात्र कुठल्याच कामाचा नाही.

पुण्या-मुंबईचा मुद्दा मला अर्धा पटतो. पडद्यावर गाव लातूरकडचं आणि बोली कोल्हापूरची, हे तिकडच्या समीक्षकाला बऱ्याचदा खटकत नाही; आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत खटकतं. ग्रामीण पिक्चरमधल्या बोलीबद्दल त्याचं ऐकू नका, तिथं शेजारचा चहावाला जास्त भरवशाचा. पण पटकथा कुठं ढिली पडली, हे ओळखायला परभणीचं असावं लागत नाही. विनोदी पिक्चरसाठी तर बहुधा दुसराच माणूस शोधावा लागतो. गंभीर पिक्चरला जुळणारा हसण्याला जुळेलच असं नाही.

आणि दुसऱ्याच्या डोळ्यांचं म्हणाल, तर तो फक्त कुठला पिक्चर बघायचा ते सांगतो. बघून आल्यावर त्याच्याशी भांडायला तुम्ही मोकळेच आहात. मी तर परीक्षण पूर्ण वाचतच नाही. शेवट फोडायची खोड असते काहींना, म्हणून पहिले दोन परिच्छेद वाचून थांबतो आणि उरलेलं घरी आल्यावर वाचतो.