वक्र उलटा झाला, मग सोनं का पडलं?

"मंदीची चाहूल लागली की सोनं वाढतं म्हणता, मग २०२२ मध्ये वक्र उलटा होऊनही ते का पडलं?"

वक्र म्हणजे वेगवेगळ्या मुदतींच्या सरकारी रोख्यांवरचं व्याज दाखवणारी रेषा; ती उलटी झाली की मंदीची चाहूल समजतात. पण सोनं वक्राकडे नाही, खऱ्या व्याजाकडे बघतं. खरं व्याज म्हणजे महागाई वजा जाता हातात उरणारं व्याज. जुलै २०२२ पासून अमेरिकेच्या २ वर्षांच्या रोख्यावर १० वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त व्याज मिळू लागलं, म्हणजे वक्र उलटा झाला. पण तो उलटला कसा, ते महत्त्वाचं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, दर भराभर वाढवले म्हणून छोट्या मुदतीचं टोक वर गेलं. सरकारी रोख्यावर चार टक्के मिळत असताना, व्याज न देणारं सोनं कोण धरून ठेवणार? मार्चमध्ये २,००० डॉलरच्या वर गेलेला औंस शरद ऋतूत १,६५० च्याही खाली आला.

आपल्याकडे ती घसरण फारशी जाणवलीच नाही. रुपया घसरून डॉलर ८२ च्या पुढे गेला आणि १ जुलैपासून मूळ आयात शुल्क ७.५ वरून १२.५ टक्के झालं होतं. सराफाकडचा भाव पाहून वक्राबद्दल निष्कर्ष काढणाऱ्यांची इथेच फसगत होते.

उलटा वक्र मंदीचा इशारा फार लवकर देतो. या वेळी तर तो दोनेक वर्षं उलटाच राहिला आणि मंदी आलीच नाही. सोन्यासाठी महागाईशी जोडलेल्या १० वर्षांच्या अमेरिकी रोख्याचा परतावा पाहा. हेच ते खरं व्याज. ते खाली वळलं की सोन्याला बहुधा बळ मिळतं. बहुधाच, कारण २०२३ नंतर मध्यवर्ती बँकांच्या खरेदीमुळे हे नातं सैल झालंय.