नाकापेक्षा खोका जड

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "यंदा सणाच्या खाऊच्या बॉक्सचं कोण बघणार?" आणि नेमका त्याच क्षणी मी आळस द्यायला हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पन्नास माणसं, पन्नास बॉक्स, त्यातली अडतीस ऑफिसात बसणारी आणि बारा घरून काम करणारी. मला वाटलं काय, दुकानात जायचं, सहा वस्तू घ्यायच्या, गुणिले पन्नास.

पहिल्या रात्री एक्सेल उघडलं आणि एका बॉक्सच्या बजेटचे शंभर भाग केले, त्यातले नव्वद खाण्यावर टाकले आणि दहा "इतर" असं लिहून समाधानाने झोपलो. सकाळी कळलं की त्या "इतर"मध्ये खोका, रिबन, आतला कागदाचा भुसा, स्टिकर, टॅक्स, कुरिअर आणि फुटतूट एवढं सगळं राहतं, म्हणजे वन रूम किचनमध्ये अख्खं वऱ्हाड. शेवटी खाणं सत्तरवर आलं, पंधरा खोका आणि पॅकिंगला, दहा डिलिव्हरीला आणि पाच फुटतुटीला. त्या पाचला अकाउंट्सवाल्या मॅडम "हे काय आहे" म्हणून रोज विचारायच्या, मी "अनुभव" म्हणायचो, खरं तर तो तोवर आला नव्हता.

मग फॉर्म पाठवला, कुणाला काय चालत नाही ते लिहा. तीसेक जणांनी भरला, बाकीच्यांच्या डेस्कवर जाऊन उभं राहावं लागलं. शेवटी दोघांना नट्सची अॅलर्जी, तिघं व्हीगन, एकीला ग्लूटेन चालत नाही आणि पाच जणांना साखर बंद. राहिले एकोणचाळीस, त्यातल्या एकाने "काहीही चालेल" लिहिलं होतं. याला लक्षात ठेवा.

माझी पहिली आयडिया होती पाच प्रकारचे पाच वेगळे बॉक्स करायचे. कागदावर छान दिसतं, पॅक करताना वेड लागतं, शिवाय व्हीगनवाल्याचा बॉक्स बाकीच्यांपेक्षा भारी दिसला की नुसती कुजबुज. मग अक्कल आली की बॉक्स एकच ठेवायचा, त्यात सगळ्यांना चालणाऱ्या वस्तू कायम आणि फक्त दोन-तीन जागा बदलत्या. चहाचा डबा सगळ्यांना, मनुका साखर बंद असलेले पाच जण सोडून बाकी सगळ्यांना. काजू, बिस्किट आणि चॉकलेटच्या जागी गरजेप्रमाणे दुसरं काहीतरी, आणि खोक्याच्या बुडाला रंगीत टिकली, म्हणजे मला कळेल पण वरून सगळे सारखेच. मध घेणार होतो पण तो व्हीगन नाही, आणि एका सहकाऱ्याच्या घरी सात महिन्यांचं बाळ, वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नसतो, कुणी कौतुकाने बोट चाटवलं तर? मध गेला. शुगर फ्री चॉकलेटचं पाकीट उलटं करून वाचलं तर त्यात माल्टिटॉल, आणि खाली बारीक अक्षरात की जास्त खाल्लं तर पोट साफ होऊ शकतं. सणाच्या दिवशी पाच जणांना ही भेट? त्यांना भाजलेल्या बिया दिल्या.

अॅलर्जीच्या बाबतीत मात्र मी मस्करी केली नाही. नुसते काजू काढले की झालं असं नसतं, बिस्किटाच्या पाकिटावरसुद्धा "नट्सचा अंश असू शकतो" लिहिलेलं असतं. म्हणून सुटं काही घेतलं नाही, सगळं कंपनीचं सीलबंद आणि लेबलवालं, आणि ते दोन बॉक्स सगळ्यात आधी, पुसलेल्या टेबलावर, काजूचं कार्टन खोलीत यायच्या आधी भरून चिकटपट्टी मारून बाजूला ठेवले.

आता कार्टनचं ऐका. होलसेलमध्ये काजूची पाकिटं बाराच्या कार्टनने मिळतात आणि माणसं पन्नास, बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे दोन कमी पडणार. पण अॅलर्जीवाले दोघंच! मी टेबलावर हात आपटला, आयुष्यात प्रथमच गणित असं जुळलं होतं. दोन तासांनी एका पाकिटाचं सील उघडं निघालं. एका पाकिटासाठी पाचवं कार्टन.

पण खरा मार पडला तो खोक्यावर. मी भारदस्त दिसावा म्हणून मोठा घेतला होता, चाळीस बाय तीस बाय पंधरा सेंटीमीटर, आत वस्तू बुडाशी आणि वर भुसाच भुसा. त्यात जॅमची काचेची बाटली, तिच्याभोवती बबल रॅप, तिच्यासाठी अजून भुसा. घरून काम करणाऱ्या बारा जणांचे बॉक्स घ्यायला कुरिअरवाला आला, त्याने काटा काढलाच नाही, टेप काढली.

"दादा, वजन करा ना, पावणेदोन किलोच आहे."

"सर, हा तीन पूर्णांक सहा किलोचा आहे."

"अहो, उचलून बघा!"

उचलून काही उपयोग नसतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार, जे किलो येतील ते आणि खरं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. माझे अठरा हजार घन सेंटीमीटर, भागिले पाच हजार, तीन पूर्णांक सहा. म्हणजे अर्धे पैसे मी हवा पाठवायचे भरत होतो. नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं, इथे खोका जड, तोही रिकामा.

त्या संध्याकाळी जॅमची बाटली गेली (एकटी जागा, वजन आणि फुटायची भीती तिन्ही खायची), भुसा निम्मा झाला आणि खोका तीस बाय पंचवीस बाय बारा. गुणा, नऊ हजार येतात, भागिले पाच हजार, एक पूर्णांक आठ. डिलिव्हरीचा आकडा जवळपास निम्म्यावर आला, वाचलेल्या पैशात पाचवं कार्टनही बसलं, आणि वस्तू आता गच्च बसल्यामुळे खोका हलवला तरी खडखडत नव्हता. ही टेस्ट मी नंतर प्रत्येक बॉक्सला केली, कानाशी धरून हलवायचा, आवाज आला तर आत काहीतरी तुटणार. ऑफिसातले लोक लांबून बघत होते, बघू देत.

बारापैकी अकरा वेळेवर पोचले, एक "घर बंद" म्हणून परत आला, घर बंद नव्हतं, बेल बंद होती. आणि एकीचा फोटो आला, चॉकलेटवर पांढरी झाक, खाली "बुरशी???" आणि तीन रडके चेहरे. ती बुरशी नसते हो. कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं, दुपारच्या गाडीत ते मऊ होऊन वर येतं आणि थंड झालं की पांढरं जमतं, खायला चालतं, नुसतं दिसायला वाईट. हे समजावायला बारा मेसेज लागले. पुढच्या वेळी चॉकलेट पाठवायचं तर सकाळच्या पिकअपला, नाहीतर पाठवायचंच नाही.

अडतीस बॉक्स डेस्कवर ठेवून मी खुर्चीत पडलो तेवढ्यात "काहीही चालेल"वाले भाऊसाहेब आले. "बॉक्स मस्त रे, पण मला मनुका चालत नाहीत."

मी ड्रॉवर उघडला आणि पाचव्या कार्टनमधलं एक काजूचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं, मनुका मी घेतल्या. आता दहा उरलीत, म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होती.