पंप विकला त्याच दिवशी दुरुस्तीचा खर्च का लिहायचा

"वॉरंटीची तरतूद म्हणजे नुसता कागदावरचा खर्च. कोणता पंप बिघडणार हे आधी कोणाला माहीत असतं? दुरुस्ती होऊन पैसे गेले की तेव्हा लिहा. आधी लिहिलेलं आयकरात चालत नाही, आणि तो नफा दडवायचाच प्रकार आहे."

तरतुदीवरचा हा आक्षेप एकेका पंपाबद्दल खरा आहे. पण तरतूद, म्हणजे पुढे येणाऱ्या दुरुस्तीसाठी विक्रीच्या वर्षीच खर्च म्हणून लिहून ठेवलेली रक्कम, एका पंपाची नसते, वर्षभरात विकलेल्या सगळ्या पंपांची असते, आणि तिथे अंदाज बांधता येतो. शेतीचे सबमर्सिबल पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याची पुस्तकं मी लिहितो. वॉरंटी एक वर्षाची. पुढचे आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

आधी दुरुस्तीची जॉबकार्डं घेऊन बसलो आणि प्रत्येक पंप त्याच्या सीरियल नंबरवरून विक्रीच्या महिन्याशी जोडला. गेल्या वर्षी विकलेले 2,000 पंप, ज्यांची वॉरंटी पूर्ण संपली होती, त्यांतले 155 परत आले होते. 15 पाणी नसताना चालून जळलेले होते. त्यांचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले, म्हणून ते वगळले. (असे पंपही दरवेळी फुकट करून द्यायची पद्धत असती, तर ते धरावेच लागले असते.) उरले 140. शंभरांचं सील-बुश बदललं, मजुरी आणि जाण्यायेण्यासकट प्रत्येकी 600 रुपये. चाळीसांचं वाइंडिंग पुन्हा भरलं, प्रत्येकी 3,500. एकूण दोन लाख, म्हणजे विकलेल्या प्रत्येक पंपामागे 100 रुपये. यंदा 4,000 पंप विकले, तर तरतूद चार लाख. सुट्या भागांचे किंवा मजुरीचे दर वाढले असतील, डिझाइन बदललं असेल, तर या शंभरात तेवढा फेरफार करायचा.

चूक बहुतेक वेळा भलतीकडेच होते. यंदाच्या 4,000 पंपांपैकी 31 मार्चपर्यंत 120 परत आले, म्हणून बिघाड तीन टक्के, असं गणित मांडलं जातं. पण निम्म्याहून जास्त पंप फेब्रुवारी-मार्चात गेलेले असतात. त्यांचा उन्हाळा अजून जायचा आहे. मुदत पूर्ण झालेल्या पंपांत हेच प्रमाण सात टक्के निघालं होतं. धंदा वाढत असेल तेव्हा हा खोटा दिलासा आणखी मोठा दिसतो.

आता पैसे गेल्यावर लिहिण्याबद्दल. उद्या कारखान्याने एकही नवा पंप विकला नाही, तरी या 4,000 पंपांची दुरुस्ती करून द्यावीच लागेल. शब्द विक्रीच्या दिवशी दिला, म्हणून देणंही त्या दिवशीच उभं राहतं. नोंद सोपी आहे: वॉरंटी खर्च नावे, वॉरंटी तरतूद जमा, चार लाख. पंप दुरुस्तीला आला की तरतूद नावे आणि सुट्या भागांचा साठा किंवा रोकड जमा. नफा-तोट्याला पुन्हा हात लागत नाही. मार्चपर्यंत 70,000 खर्च झाले, तर ताळेबंदात 3,30,000 देणं म्हणून उभे राहतात. ते दाखवले नाहीत आणि एखादा भागीदार 31 मार्चला बाहेर पडला, तर तो या 3,30,000 मधला आपला वाटा नफा म्हणून घेऊन जाईल आणि मे महिन्यात जळालेल्या वाइंडिंगचे पैसे मागे राहिलेले भरतील. मला हा उघड अन्याय वाटतो.

आयकराचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच निकाली काढला आहे. रोटॉर्क कंट्रोल्स ही कंपनी व्हॉल्व्ह चालवणारे अ‍ॅक्च्युएटर विकायची. तिची वॉरंटीची तरतूद मद्रास उच्च न्यायालयाने अमान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. माल मोठ्या संख्येने विकला जातो, त्यातला काही बिघडतो हे मागच्या अनुभवावरून दिसतं आणि खर्चाचा भरवशाचा अंदाज बांधता येतो. अशा वेळी ती वजावट मिळते. मात्र कसलीही नोंद न ठेवता 'विक्रीच्या दोन टक्के' असं ठोकून दिलेलं टिकणार नाही. तिथे जॉबकार्डंच कामी येतात.

नफा दडवण्याची शंका मात्र मी झटकणार नाही, कारण तसं करणारे आहेत. ते पकडायला चार आकडे मागा: सुरुवातीची शिल्लक, वर्षात घातलेली रक्कम, खर्ची पडलेली आणि परत फिरवलेली. आमच्या 3,30,000 पैकी पुढच्या वर्षी 3,05,000 लागले. मुदत संपल्यावर उरलेले 25,000 नफ्यात परत घेतले. एवढा फरक अंदाजात राहणारच. दरवर्षी निम्मी तरतूद शिल्लक पडत असेल, तर दर फुगवलेला आहे. आणि शिल्लक नेमकी नफा घसरलेल्या वर्षीच परत फिरत असेल, तर त्या वर्षाची जॉबकार्डं मागवून बघा.