गॅस्ट्रिनचा आकडा एकटा काही सांगत नाही

एक मेसेज असा: “गोळ्या घेऊनही अल्सर परत परत येतो म्हणजे पोटात गाठ आहे. ॲसिडिटीची गोळी आजच बंद करा आणि गॅस्ट्रिनची टेस्ट करा. रिपोर्ट 100 च्या वर आला की ट्यूमर पक्का, मग जठरच काढावं लागतं.”

अशी गाठ असते, हे खरं. 1955 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमध्ये झॉलिंजर आणि एलिसन या दोन सर्जननी असे दोन पेशंट नोंदवले, ज्यांचे अल्सर पार लहान आतड्यात होते आणि स्वादुपिंडात गाठ होती. ही गाठ गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन सोडत राहते आणि त्या हुकमावर जठर दिवसरात्र ॲसिड बनवतं. पण वर्षाला दहा लाखांत एक ते तीन जणांना होणारा हा आजार आहे. अल्सर परत आला की आधी दोन नेहमीचे गुन्हेगार शोधायचे असतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि दुखण्यावरच्या गोळ्या. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक पेशंट ‘औषध’ म्हणून सांगतच नाही, खोदून विचारावं लागतं. शिवाय पॅन्टोप्रॅझॉलसारखी ॲसिडची गोळी अनशापोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. ती जेवण झाल्यावर घेणारे कितीतरी असतात, आणि मग ‘गोळी लागू पडत नाही’.

हे सगळं तपासूनही अल्सर एकाहून जास्त असतील, ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, पहिल्या वळणाच्या पुढे असतील आणि सोबत जुलाब असतील, तर मात्र संशय घ्यायलाच हवा. जुलाबांकडे सहसा कोणी बघत नाही. इतकं ॲसिड आतड्यात उतरलं की चरबी पचवणारं लायपेज निकामी होतं आणि पातळ शौचाला होते. ॲसिडची गोळी सुरू केल्यावर जुलाबही थांबले, तर ती मोठी खूण आहे. घरात मुतखडे, रक्तात कॅल्शियम जास्त, अशी साथ असेल तर आनुवंशिक प्रकार शोधावा लागतो. गाठीच्या दर चार-पाच पेशंटांत एकाला तो असतो.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य गोळी आजच बंद करण्याचं आहे. ॲसिडची गोळी स्वतःच गॅस्ट्रिन वाढवते, त्यामुळे तपासणीआधी ती थांबवायचा विचार होतो, हे बरोबर. पण ज्याला खरंच गाठ आहे, त्याच्या बाबतीत गोळी हाच बांध असतो. तो एकदम काढला तर काही दिवसांत रक्तस्राव होऊ शकतो किंवा आतड्याला भोक पडू शकतं. म्हणून डॉक्टर आधी एंडोस्कोपीत अल्सर भरलाय का बघतात, मधल्या दिवसांत फॅमोटिडीनसारखी कमी काळ टिकणारी गोळी देतात, आणि धोका वाटला तर मूळ गोळी थांबवतच नाहीत.

आता आकडा. समजा दोघांचा उपाशीपोटीचा गॅस्ट्रिन 640 आला, प्रयोगशाळेची वरची मर्यादा 100. एंडोस्कोपीत दोघांच्या जठरातला रस ओढून पीएच मोजला. पहिल्याचा 6. म्हणजे तिथे ॲसिडच नाही. जठराचं अस्तर झिजलंय आणि ॲसिड का येत नाही म्हणून शरीर गॅस्ट्रिन वाढवत बसलंय. अशा झिजलेल्या अस्तरामुळे बी-12 कमी पडू शकतं, ते तपासायचं, गाठ शोधत फिरायचं नाही. गोळी चालू असतानाही पीएच असाच चढतो, म्हणून कोणत्या दिवशी गोळी घेतली होती हे रिपोर्टइतकंच महत्त्वाचं. दुसऱ्याचा पीएच 1.4. ॲसिड भरपूर असताना गॅस्ट्रिन खाली यायला हवं होतं, ते आलेलं नाही. हा खरा संशयित. तरीही 640 पुरेसा नाही. पीएच 2 च्या खाली आणि गॅस्ट्रिन मर्यादेच्या दहापट, इथे 1000 च्या वर, असेल तरच निदान जवळपास ठरतं. आणि गाठ असलेल्या बहुतेकांचा आकडा तिथवर पोचतच नाही. मधल्यांसाठी सिक्रेटिन या हार्मोनची सुई देऊन काही मिनिटांच्या अंतराने रक्त घेतात. निरोगी माणसाचा गॅस्ट्रिन फारसा हलत नाही, गाठीतून मात्र तो उसळतो. 120 किंवा अधिक वाढ झाली की टेस्ट पॉझिटिव्ह. आपल्या 640 वाल्याचा दहाव्या मिनिटाला 1,150 झाला, असं धरू. आता गाठ शोधायची: अशा गाठी उजळून दाखवणारा डोटाटेट पेट स्कॅन आणि एंडोस्कोपीतून सोनोग्राफी. बऱ्याचदा ती स्वादुपिंडात नाही, ड्युओडेनमच्या भिंतीत दाण्याएवढी सापडते.

जठर काढण्याची गोष्ट जुन्या काळातली. ॲसिड थोपवायला औषधच नव्हतं, तेव्हा पूर्ण जठर काढत. आज नेहमीपेक्षा मोठ्या डोसमध्ये तीच ‘साधी’ गोळी ॲसिड आवरते, आणि ऑपरेशन करायचंच तर गाठीचं करतात. यातल्या बऱ्याच गाठी कॅन्सरच्या असतात आणि यकृतात पसरू शकतात, त्यामुळे पोट दुखायचं थांबलं म्हणून स्कॅन टाळता येत नाही.