नववी पायरी बरोबर, दहावीला सगळा बोऱ्या

"मार्कडाउनच आहे, कुठेही सारखंच दिसेल" असं मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा आता खरंच संताप येतो. सारखं दिसत नाही. एकच फाइल गिटहबवर पायऱ्यांचा एक क्रम दाखवते, मार्कडाउन फाइलींची वेबसाइट करणाऱ्या एमकेडॉक्सच्या पानावर दुसरा, आणि ऐरोली-महापे पट्ट्यात रात्रपाळीला बसलेला माणूस त्यातलाच एक क्रम खरा धरून सर्व्हर बंद करतो. एका स्पेसवरून हे घडतं आणि कुणीही एरर दाखवत नाही, हे जास्त चीड आणणारं आहे. कोड चुकला तर कंपाइलर ओरडतो. यादी चुकली तर ती निमूटपणे चुकीची छापली जाते.

हवेत बोलण्यापेक्षा उदाहरणच घ्या. डेटाबेस दुसऱ्या जागी हलवायचं रनबुक, म्हणजे करायच्या पायऱ्यांची यादी आहे. पहिल्या आठ पायऱ्या सरळ एकेक ओळीच्या आहेत. पुढचा भाग असा:

```
9. मुख्य डेटाबेसवरचं लिहिणं थांबवा
   - पहिला ॲप सर्व्हर बंद करा
   - दुसरा ॲप सर्व्हर बंद करा
10. रेप्लिकाचा लॅग तपासा
   - लॅग शून्य हवा
   - नसेल तर पायरी 11 करू नका
11. डीएनएसची नोंद बदला
```

बुलेटच्या आधी सगळीकडे तीन स्पेस आहेत. एडिटरमध्ये छान, एका रेषेत दिसतं. लिहिणाऱ्याने पहिल्या पायरीपासून हाच नेम पाळलाय, त्याची काहीच चूक नाही.

आता ही फाइल गिटहबवर उघडा. गिटहब कॉमनमार्क या मार्कडाउनच्या काटेकोर नियमावलीने चालतं. तो नियम म्हणतो की आतली यादी बाहेरच्या ओळीतला मजकूर जिथे सुरू होतो तिथपर्यंत तरी सरकलेली हवी. `9. ` म्हणजे अंक, टिंब आणि एक स्पेस, अशी तीन अक्षरांची जागा. तीन स्पेस पुरतात, म्हणून नवव्या पायरीच्या बुलेट नीट तिच्या पोटात बसतात. `10. ` मात्र चार जागा खातं. तिथे तीन स्पेस एकाने कमी पडतात. त्या दोन बुलेट दहाव्या पायरीच्या राहतच नाहीत. क्रमांकांची यादी तिथे संपते, बुलेटची स्वतंत्र यादी डावीकडे सरकून उभी राहते आणि अकरापासून तिसरीच यादी सुरू होते. कॉमनमार्क नव्या यादीचा पहिला आकडा जपतं, त्यामुळे 'अकरा' हा अकराच दिसतो आणि घोळ लपतो. ब्राउझरमध्ये एचटीएमएल पाहिलं की `<ol start="11">` सापडतं. मधल्या कुठल्याही पायरीवर हा `start` दिसला की समजायचं, यादी तुटली आहे.

हे निदान वाचता तरी येतं. एमकेडॉक्सवर जे होतं ते धोकादायक आहे. एमकेडॉक्सच्या पोटात पायथन-मार्कडाउन आहे आणि त्याला आतल्या यादीसाठी चार स्पेस लागतात. तीन चालत नाहीत, मग बाहेरचा आकडा एक अंकी असो की दोन अंकी. बरं, चारपेक्षा कमी दिसल्यावर तो बुलेट वेगळी काढत नाही, तर चालू क्रमांकांच्या यादीतच पुढची पायरी म्हणून जोडतो! बुलेटचं चिन्ह गेलं, त्याजागी आकडा आला. पानावर हे उमटतं:

```
9.  मुख्य डेटाबेसवरचं लिहिणं थांबवा
10. पहिला ॲप सर्व्हर बंद करा
11. दुसरा ॲप सर्व्हर बंद करा
12. रेप्लिकाचा लॅग तपासा
13. लॅग शून्य हवा
14. नसेल तर पायरी 11 करू नका
15. डीएनएसची नोंद बदला
```

चौदावी ओळ पुन्हा वाचा. "पायरी 11 करू नका." या पानावरची अकरावी पायरी म्हणजे दुसरा ॲप सर्व्हर बंद करणं, आणि ती तर आधीच करून झाली. जी खरोखर करायची नव्हती ती डीएनएसची नोंद आता पंधरावी आहे आणि तिच्यावर कसलीही मनाई उरलेली नाही. फोनवर एकजण गिटहब उघडून "अकरावर थांब" म्हणतो, दुसरा एमकेडॉक्स उघडून अकरा शोधतो. दोघंही आपापल्या पडद्यावर बरोबर असतात. याला कुणी "फॉरमॅटिंगचा किरकोळ प्रश्न" म्हटलं की डोक्यात तिडीक जाते.

हे असं का झालं, तेही स्पष्टच सांगायला हवं. जॉन ग्रुबरने २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हा यादीतल्या पुढच्या परिच्छेदाला चार स्पेस किंवा एक टॅब द्या असं लिहिलं. आतली यादी नेमकी किती सरकवायची, कमी पडली तर काय करायचं, याचा काटेकोर नियम दिला नाही. ज्याने त्याने आपला अर्थ लावला. पायथन-मार्कडाउन चारला चिकटून राहिलं. २०१४ मध्ये आलेल्या कॉमनमार्कने ठरीव चार सोडून मजकुराची जागा मोजायचं ठरवलं. दोन्ही बाजूंना आपापली कारणं आहेत. चीड येते ती "मार्कडाउन चालतं" एवढंच लिहून कुठलं मार्कडाउन हे न सांगणाऱ्या साधनांची, आणि एकच फाइल दोन ठिकाणी छापायचा निर्णय घेऊन एकच प्रिव्ह्यू बघणाऱ्या टीम लीड मंडळींची.

उपाय चार स्पेसचा आहे, आणि तो दोन्हीकडे चालतो. `1. ` खाली चार दिले तर कॉमनमार्कला एक जास्त होते, ते त्याला चालतं. `10. ` खाली चार अगदी बेतात बसतात. `- ` खाली चार दिले तर दोन जास्त, तेही चालतं. त्याच्याही आत आणखी यादी हवी असेल तर आठ. शंभराव्या पायरीला मात्र चार पुरणार नाहीत, पण शंभर पायऱ्यांचं रनबुक लिहिणाऱ्याने ते आधी तोडावं. एवढं करूनही प्रेटियरसारखा फॉर्मॅटर सेव्ह करताना `1. ` खालच्या चारच्या पुन्हा तीन स्पेस करून ठेवतो. तेव्हा एमकेडॉक्ससाठी लिहिलेला फोल्डर `.prettierignore` मध्ये टाका, नाहीतर आज दुरुस्त केलेलं उद्याच्या कमिटमध्ये परत बिघडेल.

एमकेडॉक्सच्या `mkdocs.yml` मध्ये या दोन ओळी घातल्याच पाहिजेत:

```
markdown_extensions:
  - sane_lists
  - pymdownx.superfences
```

`sane_lists` असलं की बुलेट क्रमांकांच्या यादीत घुसत नाहीत. तीन स्पेसची बुलेट तरीही बुलेट होणार नाही, ती वरच्या पायरीच्या वाक्याला डॅशसकट चिकटेल. दिसायला घाणेरडं, पण निदान आकडे ढळत नाहीत आणि चूक डोळ्यात खुपते. चार स्पेसना हा पर्याय नाही, विमा आहे.

`pymdownx.superfences` ही दुसरी ओळ कमांडच्या चौकटींसाठी, तिला आधी `pip install pymdown-extensions` करावं लागतं. पायऱ्यांच्या मधे तीन बॅकटिकची चौकट टाकून ती डावीकडे शून्यावर ठेवली, की यादी दोन्हीकडे तुटते. पुढे खरा आकडा `4.` लिहिलेला असेल तर गिटहब चारच दाखवतं, पायथन-मार्कडाउन मात्र मुळात पहिला आकडा बघतच नाही आणि परत एकपासून मोजतं. (`sane_lists` इथेही सावरून घेतं.) आळसाने सगळीकडे `1.` लिहिलं असेल तर गिटहबवरही एकपासूनच. मग चौकट चार स्पेस आत घ्यावी म्हटलं, तर एमकेडॉक्सबरोबर येणारं `fenced_code` यादीच्या आतली चौकट ओळखतच नाही, त्यासाठी `superfences` लागतं. सरळ मार्ग बंद, आडमार्ग माहीत असेल तरच सुटका!

आणि मराठीत लिहिणाऱ्यांचं तर आणखीच वाईट. `१.` `२.` `३.` असे आपले आकडे घातले, तर कॉमनमार्कच्या लेखी ती यादीच नव्हे, कारण त्याला फक्त 0 ते 9 हेच अंक कळतात. पायथनमध्ये `\d` देवनागरी अंकांनाही अंक मानतो, म्हणून पायथन-मार्कडाउन त्याच ओळींची यादी करतं आणि ब्राउझर पानावर इंग्रजी 1, 2, 3 छापतो. म्हणजे आपले आकडे एकीकडे यादी होत नाहीत, दुसरीकडे आकडेच राहत नाहीत. मूळ फाइलीत `1.` लिहा आणि पानाच्या सीएसएसमध्ये `list-style-type: devanagari` द्या. गिटहबवर ते सीएसएस लागत नाही, तिथे इंग्रजी आकडे सोसावे लागतात.

यातला खरा सापळा ओळ तोडण्यात आहे. हेच देवनागरी आकड्यांचं टिपण गिटहबच्या इश्यूवर कॉमेंट म्हणून टाकलं तर झकास दिसतं, कारण कॉमेंटमध्ये गिटहब प्रत्येक एंटरला ओळ तोडतं. लिहिणाऱ्याला वाटतं यादी झाली. तोच मजकूर उचलून त्याच रेपोच्या `README.md` मध्ये चिकटवला, की साधं एंटर म्हणजे नुसती स्पेस, आणि बारा पायऱ्यांचा एक सलग परिच्छेद होतो. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत फोनवर तो वाचून बघा, चौथी पायरी कुठे संपते ते सापडणार नाही.

यावर "ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्या" हा ठरलेला सल्ला मिळतो. न दिसणाऱ्या दोन स्पेस! रिव्ह्यूत दिसत नाहीत, `git diff --check` त्यांना चूक म्हणतं आणि एडिटर सेव्ह करताना पुसून टाकतो. ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ `\` दिली तर कॉमनमार्क ओळ तोडतं, पायथन-मार्कडाउन ती रेघ तशीच छापतं. `<br>` दोघांना कळतं, पण कच्चा मजकूर वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर अत्याचार. दोन स्पेसवरच चालायचं असेल तर `.editorconfig` मध्ये एवढं तरी हवं:

```
[*.md]
indent_size = 4
trim_trailing_whitespace = false
```

त्यापेक्षा रनबुकमध्ये ओळ तोडायची गरजच ठेवू नका. जी गोष्ट स्वतंत्र ओळीवर हवी तिला स्वतःची बुलेट द्या, किंवा मधे रिकामी ओळ सोडून चार स्पेस आत नवा परिच्छेद करा. यादीच्या आधीही रिकामी ओळ हवीच. "पुढील पायऱ्या करा:" याच्या लगेच खाली बुलेट आली तर गिटहब यादी करतं, पायथन-मार्कडाउन सगळं त्याच परिच्छेदात ओततं. आणि पायऱ्यांना एकमेकींचा संदर्भ देताना आकडा लिहूच नका. "पायरी 11 करू नका" याऐवजी "डीएनएसची नोंद बदलू नका" असं लिहिलं असतं, तर वरच्या चौदाव्या ओळीने कुठल्याही पानावर तोच अर्थ दिला असता.